गडबला पोपटीसाठी कधी जावे?

प्रश्न : पेणजवळच्या गडबला आत्याकडे जायचे आहे. पोपटी खायची आहे आणि गणपतींचे कारखानेही बघायचे आहेत. कोणता महिना निवडावा?

उत्तर : जानेवारीचा दुसरा पंधरवडा, तोही सोमवार ते गुरुवार. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो. त्याच्या शेंगा साधारण याच सुमारास भरतात. डिसेंबरात गेलात तर दाणे कोवळे निघतील आणि फेब्रुवारीअखेर शेंगा सुकू लागतात. आत्याला फोन करून एवढेच विचारा, ‘शेंग दाबली की दाणा हाताला लागतो का?’ पोपटीच्या मडक्यात घालायचा भांबुर्डाही तेव्हा रानात मिळतो.

पावसाळ्यात हिरवळ सुंदर असते, पण पोपटी नसते. गणपतीच्या आधीचे आठ दिवस मात्र टाळाच, कारण गडब मुंबई-गोवा महामार्गावरच आहे आणि कोकणात निघालेल्या गाड्यांची रांग तिथूनच जाते. कारखान्यांतही तेव्हा मूर्ती न्यायला आलेल्यांची गर्दी असते, कारागिरांना बोलायला उसंत नसते. जानेवारीत पांढऱ्या, न रंगवलेल्या मूर्ती दिसतील. डोळ्यांची आखणी बघायचीच असेल, तर जुलैत वेगळी फेरी करा.

शनिवार-रविवारी अलिबागची गर्दी वडखळला अडते आणि खोल्यांचे भाडेही चढते. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली तर तेच. माघी गणेश जयंती कधी जानेवारीत, कधी फेब्रुवारीत येते. त्या दिवशी पालीला दर्शनाची मोठी रांग लागते, म्हणून तारीख ठरवण्याआधी पंचांग बघा.