तोंडी परीक्षेतील बडबड आणि मौन

दहावीच्या विद्यार्थ्यांकडून तोंडी परीक्षेचा सराव करून घेत असता आम्ही दोन मुलांना, एकापाठोपाठ एक, एकच प्रश्न विचारला : महाडचा सत्याग्रह कशासाठी झाला? समोर बाहेरून आलेले दोन परीक्षक बसले होते. पहिला मुलगा तत्क्षणी सुरू झाला. २० मार्च १९२७, चवदार तळे, डिसेंबरमधील मनुस्मृतिदहन, तेथून १९३० चे काळाराम मंदिर, तेथून १९३२ चा पुणे करार... तो थांबेचना, आणि 'कशासाठी' हे मात्र राहूनच गेले. दुसऱ्याने तोंडच उघडले नाही. नजर पायाच्या अंगठ्यावर, हात मुठीत. पहिल्यास 'धीट, पण उथळ' आणि दुसऱ्यास 'अभ्यास नाही' असा शेरा मिळाला.

दोन्ही शेरे चुकीचे होते. सायंकाळी दुसऱ्याने वहीत लिहून दाखविले : सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत हा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले, परंतु अस्पृश्यांना पाणी घेता येईना, तो कागदावरचा हक्क प्रत्यक्ष बजावण्यासाठी सत्याग्रह. पहिल्या मुलासही हे सर्व ठाऊक होते. आणि तो धीट मुळीच नव्हता. त्याचा सदरा पाठीवर घामाने भिजलेला आम्ही पाहिला होता.

भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. हे दोघांच्याही बाबतीत घडते. बोलताना पुढचे वाक्य हाताशी धरून ठेवणारी आणि बोललेले मूळ प्रश्नाशी ताडून पाहणारी जी अल्पकाळाची स्मृती आपल्यापाशी असते, ती ताणाखाली दुबळी होते. जो बोलत सुटतो त्याच्यात ताडून पाहणे थांबते; शब्द येतात, लगाम राहत नाही. त्याला शांततेचीच भीती वाटते, कारण त्या शांततेत समोरचा आपल्याला जोखत आहे असे त्याला वाटते. म्हणून तो ती भरून काढतो. जो गप्प होतो त्याच्यात उलट घडते. पहिले वाक्य पुरेसे बरोबर आहे की नाही, याच तपासणीत सारी शक्ती खर्ची पडते. शिवाय धोक्याची चाहूल लागताच जागच्या जागी स्तब्ध होणे ही प्राणिमात्रांची जुनी सवय आहे. हलणारे सावज लवकर दिसते. त्या स्तब्धतेत हृदयाचे ठोके काही काळ मंदावतातही.

कोणाच्या वाट्याला काय येते, हे काही अंशी उपजत स्वभावावर असते. परंतु आमच्या मते मोठा वाटा अनुभवाचा आहे. ज्या घरात बोलून वेळ निभावते तेथे मूल बोलायला शिकते. जेथे उलट बोलल्याबद्दल मार बसतो तेथे गप्प राहायला शिकते. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गावाच्या चावडीपुढे मान खाली घालून उभे राहण्यातच सुरक्षितता पाहिली, त्या घरांतील मौनाला मठ्ठपणा म्हणण्याची घाई इतिहासाच्या शिक्षकाने तरी करू नये. शिवाय हे शिक्के कायमचे नसतात. साहेबांपुढे मुका होणारा तोच मुलगा वसतिगृहात मित्रांपुढे घाबरला की बडबडतो.

दोघांसाठी उपाय मात्र एक नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांचे निरीक्षण करून दाखविले, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले तर अधिक मुले, अधिक लांब उत्तरे देतात. आम्ही मनात आकडे मोजून पाहिले. तीन सेकंद शिक्षकाला फार लांब वाटतात. गप्प मुलासाठी ही सवड औषधासारखी आहे, पण बोलघेवड्यासाठी तीच अडचण ठरते, कारण रिकामी जागा दिसली की तो ती भरतो. त्याला प्रश्नच आखूड हवा.

एक सावधगिरी पालकांसाठी. मूल घरी मोकळे बोलते, पण शाळेत महिनाभराहून अधिक काळ कोणाशीच बोलत नाही, असे दिसले तर ती साधी भीड नव्हे. (शाळेतला पहिला महिना यात धरू नये.) अशा वेळी 'बोल ना' म्हणून दटावल्याने मूल अधिकच मिटते. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे.

पंधरवड्याने आम्ही दोघांना पुन्हा बसविले. पहिल्याला सांगितले, "आधी श्वास सोड, मग एकाच वाक्यात सांग." त्याने दोन वाक्ये घेतली, पण 'कशासाठी' त्यांत आले. दुसऱ्यापुढे नकाशा ठेवून महाड कोठे आहे ते दाखवावयास सांगितले. बोट ठेवताना तो पुटपुटला, "इथे, सर." मग आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ठराव झाला होता, पण पाणी मिळत नव्हतं." तेवढेच. परीक्षकांच्या खुर्च्या त्या दिवशी रिकाम्या होत्या, हेही नोंदविले पाहिजे.