लिंक दाबण्याआधी बाहेर जाऊन बघा

ताईंनो, घरच्या ग्रुपवर मेसेज येतो, 'लाडकी बहीण ई-केवायसी आजच करा, नाहीतर 1500 रुपये बंद.' खाली लिंक. पाठवणारा सख्खा भाचा असला तरी त्यालाही तो कुणीतरी पाठवलेलाच असतो. 2025 मध्ये सरकारने ई-केवायसी खरंच मागितली होती, म्हणून तर असे मेसेज पटतात. बातमी खरी आणि लिंक खोटी, असंही होतं.

लिंक उघडून पान खरं वाटतं का, ते बघत बसू नका. मंत्र्यांचा फोटो कुणीही चिकटवतं. मेसेज तिथेच सोडून गुगलवर योजनेचं नाव टाका आणि इतर ठिकाणी काय लिहिलंय ते वाचा. वर 'प्रायोजित' लिहिलेलं असेल ती जाहिरात, ती सोडा. योजनेचा खरा पत्ता ladakibahin.maharashtra.gov.in असा आहे. मेसेजमधली लिंक त्याच्याशी ताडा. सुरुवातीचं https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत वाचा. त्याचा शेवट आधीच्या टिंबासकट .gov.in असाच हवा, कारण तो फक्त सरकारी संस्थांनाच मिळतो. मध्येच gov घुसवून शेवटी .xyz असेल, तर लिंक बनावट.

ओटीपी देऊन पैसे गेलेच, तर लगेच 1930 ला फोन लावा, बँकेलाही कळवा.