सज्जाची सावली आणि वाचनालयाचा उजेड

आमच्या शाळेच्या नव्या वाचनालयाचा नकाशा जेव्हा प्रथम भिंतीवर लागला, तेव्हा सर्वांचे लक्ष वेधले ते पश्चिमेकडील सज्जाने. सज्जा म्हणजे आपण घरी जिला गॅलरी म्हणतो ती. रुंदी १.२ मीटर, वर तेवढ्याच रुंदीचे छत, पुढे एक मीटर उंचीचा भरीव कठडा. नकाशात ती मोठी शोभिवंत दिसत होती. परंतु परीक्षेच्या दिवसांत, म्हणजे मार्च महिन्यात, दुपारनंतर तेथे वाचीत बसणाऱ्या मुलांच्या पुस्तकांवर ऊन येईल की नाही, हे नकाशा सांगत नव्हता. तेव्हा आम्ही व नववीच्या मुलांनी मिळून पुठ्ठ्याची प्रतिकृती करून ते पाहण्याचे ठरविले.

प्रतिकृती एकास वीस या प्रमाणात केली. तीन मीटर उंचीची खोली पंधरा सेंटिमीटरची झाली आणि सज्जाची रुंदी सहा सेंटिमीटरची. एका विद्यार्थ्याने लगेच टेबलावरचा दिवा आणून तो सूर्य म्हणून धरला. ही कल्पना साहजिक असली तरी फसवी आहे. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत समांतर येतात. दिव्याचे किरण फाकत जातात. दिवा एक मीटरवर धरला आणि प्रतिकृती तीस सेंटिमीटर लांब असली, तर तिच्या दोन टोकांवर पडणाऱ्या किरणांच्या दिशेत सुमारे सतरा अंशांचा फरक पडतो. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. म्हणजे इमारतीच्या एका टोकाला तीन वाजलेले आणि दुसऱ्या टोकाला चार वाजून गेलेले, असा प्रकार होतो!

म्हणून आम्ही खऱ्या सूर्याचाच उपयोग केला. त्याची युक्ती अशी. प्रतिकृतीच्या तळफळीवर दोन सेंटिमीटर उंचीची एक टाचणी सरळ उभी करावयाची आणि तिच्याभोवती एका कागदावर निरनिराळ्या दिवशी व वेळी तिच्या टोकाची सावली कोठे पडेल ते बिंदू काढावयाचे. कागदावरची उत्तर दिशा आणि इमारतीची उत्तर दिशा एकच हवी. पणजीचे अक्षांश १५.५ उत्तर धरून त्रिकोणमितीने हे बिंदू निघतात. २१ मार्चला ते सर्व एका सरळ पूर्व-पश्चिम रेषेवर येतात. ही रेषा टाचणीच्या उत्तरेस साडेपाच मिलिमीटरवर असते. त्या रेषेवर दुपारी तीनचा बिंदू पूर्वेकडे २१ मिलिमीटरवर आणि चारचा ३६ मिलिमीटरवर. २१ डिसेंबरच्या मध्यान्हीचा बिंदू टाचणीच्या उत्तरेस १६ मिलिमीटरवर येतो.

आता फळी उन्हात नेऊन, सावलीचे टोक हव्या त्या बिंदूवर येईपर्यंत ती कलती करावी व फिरवावी. बाहेर सकाळचे दहा का वाजलेले असेनात, प्रतिकृतीवर मार्चमधील दुपारच्या तीनची सावली पडलेली दिसते. फळी बरीच कलते, तेव्हा सर्व भाग डिंकाने पक्के चिकटलेले असावेत. आमचा कठडा पहिल्याच प्रयत्नात निखळून पडला.

याहून मोठी चूक आमच्या हातून वेळेच्या बाबतीत होत होती. बिंदू बरोबर आहेत की नाहीत हे ताडून पाहण्यासाठी २१ मार्च रोजी आम्ही फळी अंगणात अगदी सपाट ठेवली आणि तिची उत्तर खऱ्या उत्तरेकडे केली. घड्याळात तीन वाजले, पण सावली तीनच्या बिंदूपर्यंत पोहोचलीच नाही. पोहोचली ती तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी. क्षणभर आम्हांला वाटले, गणितच चुकले. पण चूक गणितात नव्हती. भारताचे घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि पणजी जवळजवळ पावणेनऊ अंश पश्चिमेस आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणून आपला सूर्य सुमारे पस्तीस मिनिटे मागे असतो. शिवाय मार्चच्या त्या दिवसांत सूर्य आणखी सात मिनिटे मागे असतो. म्हणजे बिंदूंवरचे तीन हे घड्याळातले तीन बेचाळीस होत. आज संगणकावर इमारतीचे चित्र उभे करून सावल्या क्षणात पाहता येतात. परंतु तेथेही उत्तर दिशा तिरपी मांडली किंवा सूर्याची वेळ व घड्याळाची वेळ यांत गल्लत झाली, तर चित्र सुबक आणि उत्तर चुकीचे, असे होते.

आता सज्जाकडे वळू. सूर्याच्या तीन वाजता छताच्या कडेची सावली पश्चिमेच्या भिंतीवर १.१६ मीटर खाली उतरलेली दिसली. म्हणजे ती जमिनीपासून १.८४ मीटरवर थांबली, आणि दरवाजा तर २.१ मीटर उंच. ऊन आत शिरून खोलीत १.९ मीटरपर्यंत पसरले. चार वाजता छताची सावली अवघी ६७ सेंटिमीटर उरली आणि ऊन दरवाजातून पावणेचार मीटरपर्यंत, थेट टेबलांवर पोहोचले. तेव्हा सज्जा रुंद करावी असे मुलांनी सुचविले. हिशेब केला तर चार वाजता भिंत पायथ्यापर्यंत सावलीत राहण्यास जवळजवळ साडेपाच मीटर छत हवे! पश्चिमेचा सूर्य खाली उतरून समोरून येतो. त्याला आडवे छत अडवू शकत नाही, अडविते ते उभे काहीतरी.

म्हणून छताच्या कडेपासून खाली एक मीटर लोंबणारा पुठ्ठा लावून पाहिला. तीन वाजता ऊन आत जेमतेम ८७ सेंटिमीटर आले, चार वाजता २.४ मीटर. सुधारणा झाली, पण तिची किंमत उजेडात मोजावी लागणार होती.

ऊन आणि उजेड या दोन गोष्टी निराळ्या होत. उजेड सबंध आकाशातून येतो, आणि तो मोजावयाचा तर प्रतिकृती सपाट ठेवून, ढगाळ दिवशी. त्यासाठी आम्हांला जूनच्या पावसाची वाट पाहावी लागली. आतील भिंती व छत पांढरे, जमीन तांबडी, असे खऱ्यासारखे रंग दिले होते, कारण खोलीच्या मागच्या भागात येणारा बराचसा उजेड भिंतींवरून परतून आलेला असतो. उघड्यावर १०,००० लक्स असताना दरवाजापासून चार मीटरवरील टेबलाच्या जागी ११० लक्स भरले, आणि पुठ्ठा लावल्यावर ६०. वाचनास साधारण ३०० हवेत. अर्थात ऊन अडवून मुलांना भर दिवसा दिव्याखाली बसवावे लागले असते.

शेवटी नकाशाच फिरविला. जिना व भांडारघर पश्चिमेस गेले, वाचनालय उत्तरेस आले. तिकडे तीच १.२ मीटरची सज्जा ठेवली, कठडा मात्र गजांचा केला आणि खिडक्या मोठ्या केल्या. त्याच टेबलाच्या जागी उजेड दुपटीच्या जवळ गेला. आमच्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य दिवसभर उत्तरेच्या अंगाला असतो, म्हणून २१ जूनचे बिंदूही तपासले. सकाळी नऊ वाजता छताची सावली चार मीटरांहून खाली जाते, म्हणजे सबंध भिंत झाकते. सायंकाळी पाचला ती सव्वा मीटर उरते आणि ऊन तिरपे आत येते. त्या वेळी शाळा सुटलेली असते, आणि गोव्यात त्या दिवसांत सूर्य बहुधा ढगांआडच असतो.