आजीचा फोन आला की मुलगा गप्प

प्रश्न : माझं माहेर जवळा बाजार. तीन वर्षांपासून आम्ही म्युनिकला आहोत. सहा वर्षांचा मुलगा मराठीला जर्मनमध्ये उत्तर देतो, आजीचा फोन आला की पळतो. फोन ठेवल्यावर मला रडू येतं. माझं काही चुकतंय का?

उत्तर : ताई, मुलाला मराठी समजतेय, म्हणूनच तो उत्तर देतो. शाळेची भाषा त्याच्या तोंडी आधी येते, इतकंच. ‘मराठीत बोल’ असं दटावू नका. तो जर्मनमध्ये ‘पाणी हवं’ म्हणाला, तर ‘पाणी हवंय? थंड की कोमट?’ असं म्हणत बोलणं सहज मराठीत पुढे न्या. फोनवर आजीने ‘मला ओळखलंस का?’ विचारलं की परीक्षा सुरू होते. त्यापेक्षा आजीला भाकरी थापताना दाखवू द्या, त्याला त्याची चित्रं दाखवू द्या. हिवाळ्यात तुमचे दुपारचे चार म्हणजे गावाकडे रात्रीचे साडेआठ. ही वेळ दोघांनाही जमेल.

खरा ताण मला दुसरीकडे दिसतो. मुलं नवी भाषा आईबापांपेक्षा लवकर उचलतात आणि घरात अंतर पडतं. डॉक्टरकडे किंवा शाळेत त्याला दुभाषी करू नका. मोठ्यांचं ओझं त्याच्यावर पडतं आणि तुमचा धाकही सैल होतो. तुम्ही स्वतः जर्मनचा वर्ग लावा.

फोननंतरचं रडू तासाभरात ओसरत असेल तर ती गावाची ओढ आहे. दोन आठवडे रोज उदास वाटत असेल, झोप-भूक उडाली असेल, तर तिथल्या फॅमिली डॉक्टरला नक्की भेटा.