अभ्यास पान : व्याख्यानातली गोष्ट उजळणीच्या कागदावर घ्यायची की सोडायची?



प्रशिक्षण झालं की आपण गटासाठी एक उजळणीचा कागद करतो. एक पान, फार तर दोन्ही बाजू. पुढच्या बैठकीत तो वाचायचा, हंगामाच्या तोंडावर परत काढायचा. मुद्दे उतरवणं बहुतेक ताईंना जमतं. अडतं ते साहेब किंवा मॅडम मध्ये मध्ये जे सांगतात त्याच्यापाशी : उदाहरणं, गावोगावच्या गोष्टी आणि "जाता जाता सांगतो" असं म्हणून टाकलेलं एखादं वाक्य. काही ताई ते सगळं लिहितात, मग कागदाची वही होते. काही ताई सगळं गाळतात, मग कामाचंच नेमकं गळून जातं. या वेळी तेवढंच शिकू.

आपल्या वाशिम जिल्ह्यात खरिपात सोयाबीन फार, म्हणून नमुना त्याचाच घेऊ. समजा, कृषी सखींच्या प्रशिक्षणात "घरच्या सोयाबीन बियाण्याची तयारी" असा तासभराचा विषय झाला. मुख्य मुद्दे चार : उगवण तपासा, त्यावरून एकरी किती बी लागेल ते काढा, बीजप्रक्रिया करा, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा. हे चार तर कागदावर येणारच. आता मधलं बोलणं बघू.

आधी वहीत खूण करा, निर्णय संध्याकाळी

तास चालू असताना काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवत बसू नका. तेवढ्यात पुढचं वाक्य निसटतं. वहीच्या पानावर डाव्या बाजूला चार बोटं जागा सोडून उभी रेघ मारा. उजवीकडे मुद्दे. डावीकडे उदाहरण आलं तर "उ", गोष्ट आली तर "गो", जाता जाता काही सांगितलं तर "जा", आणि पुढे आठवणीपुरते दोन-तीन शब्द. जसं : "गो – ट्रॅक्टर, पोतं".

कागद त्याच दिवशी संध्याकाळी करा. दोन-तीन दिवसांनी गोष्ट आठवते, पण ती कशावरून निघाली होती ते आठवत नाही. कीर्तनाचंही असंच होतं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण असतं आणि उत्तररंगात आख्यान. घरी येऊन विचारा, आख्यान सगळ्यांना पाठ असतं, निरूपण काय होतं ते क्वचितच कुणी सांगतं.

मग प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारा : हे कशासाठी सांगितलं? उत्तर एका वाक्यात लिहा. ते वाक्य कागदावर आधीच असेल तर गोष्ट सोडा. नसेल तर ते वाक्य कागदावर घ्या, गोष्ट तरीही सोडा. आणि वाक्यच सापडत नसेल तर प्रश्नचिन्ह करा आणि साहेबांना विचारा.

गोष्ट : कारण ठेवा, माणसं सोडा

साहेब सांगतात, "एका गावात एका भाऊनं बियाण्याचं पोतं ट्रॅक्टरवरून धाडकन खाली टाकलं. बी दिसायला एकदम झ्याक. उगवायला गेलं तर शंभरात पन्नासही नाही. आता सोयाबीनचं साल पातळ असतं ना, बाई, आतला अंकुर लगेच दुखावतो."

दोन मिनिटांची गोष्ट. ती कशासाठी सांगितली? पोतं आपटू नये म्हणून. आणि का आपटू नये, तेही त्यातच आहे. कागदावर एवढंच : "पोतं आपटू नका, साल पातळ असतं, अंकुर मरतो." कारण का ठेवायचं? कारण कळलं की ताई स्वतःच पुढचं ओळखते : पोत्यांची उंच थप्पी लावू नये, पोत्यावर बसू नये. नुसतं "पोतं आपटू नका" लिहिलं तर तेवढंच पाळलं जातं.

गोष्टीतल्या माणसाचं नाव, गाव, कुणाचं नातं हे कधीच उतरवू नका. कर्जफेडीच्या प्रशिक्षणात तर मुळीच नाही. तासात ऐकलेलं तिथेच राहतं, कागद मात्र गावभर फिरतो.

उदाहरण : आकडा नियम होऊ देऊ नका

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. साहेब म्हणतात, "उगवण ७० टक्के असेल तर एकरी ३० किलो बी. एका ताईच्या शंभर दाण्यांतले ६६ उगवले, तर तिनं एकरी ३२ किलो पेरलं." आता वहीत बऱ्याचदा उतरतं ते एवढंच : "एकरी ३२ किलो." तास ऐकलेल्या ताईलाही जून उजाडेपर्यंत ६६ चा विसर पडतो. मग जिची उगवण ६१ आहे ती ३२ च पेरते. रोपं विरळ होतात, आणि तोवर पेरणीची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून उदाहरणातला आकडा लिहिण्याआधी बघा : हा आकडा सगळ्यांना लागू आहे की त्या एकाच ताईला? ३० आणि ७० हे सगळ्यांना लागू. ६६ आणि ३२ तिचे. सगळ्यांना लागू असलेलं आधी लिहा, रीत म्हणून :

३० × ७० ÷ आपली उगवण = एकरी किलो

त्याखाली तिचं उदाहरण, "उदा." असं स्पष्ट लिहून : उगवण ६६, म्हणून २१०० ÷ ६६ = साधारण ३२ किलो. इथे उदाहरण पूर्ण गाळू नका. गणिताची रीत नुसती वाचून कळत नाही, एकदा करून दाखवलेली लागते. पण एकच उदाहरण पुरे. साहेबांनी तीन दिली असतील तर सगळ्यात सोपं घ्या.

ओळखायची खूण सोपी आहे. कागदावर उदाहरण हाताने झाका. बाकीच्यावरून काम करता येतं का? येत असेल तर उदाहरण सोडलं तरी चालेल. काम अडत असेल तर एक उदाहरण ठेवा.

उपमा : दोन शब्दांपुरती

बीजप्रक्रियेचा क्रम सांगताना मॅडम म्हणतात, "फोडणी आधी, कोथिंबीर शेवटी. तसंच बुरशीनाशक आधी, जिवाणू संवर्धक शेवटी, पेरणीच्या थोडं आधी." औषध नंतर लावलं तर जिवाणू मरतात, हे त्यामागचं कारण.

उपमेने नवीन माहिती दिलेली नाही, पण क्रम लक्षात राहतो. अशी उपमा कंसात दोन शब्दांत ठेवायला हरकत नाही : "आधी बुरशीनाशक, शेवटी जिवाणू (कोथिंबीर शेवटी)". उपमा एकटी मात्र ठेवू नका. नुसतं "कोथिंबीर शेवटी" वाचून पुढच्या वर्षी कुणाला काय कळणार?

जाता जाता : इथेच अट लपलेली असते

"जाता जाता" म्हणून सांगितलेलं सगळंच फालतू नसतं. तीन वाक्यं बघा.

"पूर्वी आमच्याकडे कपाशी आन् ज्वारीच होती, सोयाबीन नंतर आलं." ऐकायला बरं, पण बियाण्याच्या कामात त्यानं काही बदलत नाही. सोडा.

"मला वाटतं यंदा पाऊस लवकर येईल." हा अंदाज आहे, तोही त्याच वर्षापुरता. पुढच्या वर्षी कागद काढला तर तोच वाक्य दिशाभूल करेल. सोडा.

"घरचं बी सोयाबीनचंच बरं का, संकरित कपाशीचं नाही चालत." हे तर हळूच, फळा पुसता पुसता सांगितलेलं. पण ही अख्ख्या तासाची मर्यादा आहे. संकरित कपाशीचं घरी धरलेलं बी पुढच्या वर्षी मूळ वाणासारखं येत नाही. हे वाक्य गळलं तर एखादी ताई सोयाबीनचा धडा कपाशीला लावेल. म्हणून हे ठेवायचंच.

"फक्त", "मात्र", "सोडून", "नाहीतर", "तेवढं नाही" असे शब्द आले की कान टवकारा. बहुतेक वेळा तिथे अट असते. तरी शब्दावर विसंबू नका. या वाक्यानं माझ्या कामात काही बदलतं का, हे विचारा.

तयार कागद

एक तास ऐकून असा कागद उरतो :

१. घरचं बी : फक्त सोयाबीन. संकरित कपाशीला हे लागू नाही.
२. पोतं आपटू नका, साल पातळ असतं, अंकुर मरतो.
३. तपासणी : पोत्यातून वेगवेगळ्या जागचे १०० दाणे, न निवडता. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, गुंडाळून सावलीत, ओल टिकवा. चार-पाच दिवसांनी चांगले, निरोगी कोंब तेवढेच मोजा.
४. ७० किंवा जास्त : एकरी ३० किलो. ६० ते ६९ : ३० × ७० ÷ उगवण. (उदा. ६६ असेल तर साधारण ३२ किलो.) ६० पेक्षा कमी : ते बी पेरू नका.
५. आधी बुरशीनाशक, शेवटी जिवाणू (कोथिंबीर शेवटी). बी सावलीत वाळवा. औषधाचं प्रमाण पाकिटावर बघा.
६. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावर पेरणी.

गोष्टी वहीत तशाच राहू द्या, फाडू नका. हा कागद तास ऐकलेल्या ताईंसाठी आहे. ज्या आल्याच नव्हत्या त्यांना शिकवताना ट्रॅक्टरची गोष्ट सांगावीच लागेल, तेव्हा ती वहीतून काढा.

कागद तपासून बघा

कागद झाला की तासाला बसलेल्या दुसऱ्या एका ताईच्या हातात द्या आणि दोन प्रश्न विचारा. "तुझे १०० पैकी ६२ उगवले, एकरी किती पेरशील?" उत्तर साधारण ३४ किलो यायला हवं. ती ३२ म्हणाली तर उदाहरणाचा आकडा नियमासारखा दिसतोय, "उदा." ठळक करा, रीत वर घ्या. दुसरा प्रश्न : "५८ उगवले तर?" ती गणित करायला बसली तर ६० ची अट कागदावर नीट दिसत नाहीये, तिला वेगळ्या ओळीत लिहा.

पुढच्या प्रशिक्षणाच्या वहीत डावीकडची रेघ मारूनच बसा. क्लस्टरच्या बैठकीला वही आणि कागद दोन्ही घेऊन या, आपण "उ", "गो", "जा" एकेक करून ताडून बघू.