पहिला बार किती वेळात?

प्रश्न : आमचे यजमान वीस वर्षे तंबाखू मळून खातात. मागच्या महिन्यात दवाखान्यात गेलो, तेव्हा समुपदेशक ताईंनी दिवसाला किती पुड्या लागतात हे ओझरतेच विचारले. ‘सकाळी उठल्यावर पहिला बार किती वेळात भरता?’ यावर मात्र त्या अडून बसल्या. नंतर पाच मिनिटांत एक तारीख लिहून दिली. ना रागावणे, ना कॅन्सरची चित्रे. याला समुपदेशन म्हणायचे का?

उत्तर : म्हणायचे, आणि चांगलेच म्हणायचे. पुड्यांचा हिशेब फसवा असतो. एखादा माणूस पुडीतली निम्मी तंबाखू कामावरच्या मित्रांच्या तळहातावर ठेवतो, तर दुसरा एकटाच संपवतो. शिवाय प्रत्येकाची चिमूट वेगळी. निकोटिन मात्र रक्तात फार काळ टिकत नाही. साधारण दोन तासांत निम्मे होते. म्हणजे रात्रभराच्या झोपेनंतर शरीर जवळजवळ रिकामे असते. जो दात घासण्याआधीच डबी शोधतो, त्याच्या शरीराची मागणी मोठी. पहिला बार अर्ध्या तासाच्या आत असेल, तर नुसत्या निर्धारावर सोडणे अवघड जाणार, हे ताईंना तेवढ्या एका उत्तरातून कळले.

आता राहिली पाच मिनिटे. समजा, यंत्रमागावर काम करणारे पंचेचाळिशीचे एक गृहस्थ समोर बसले आहेत. ताई आधी तोंड उघडायला लावतात आणि म्हणतात, “दादा, बार ठेवता तिथेच गालात पांढरा चट्टा आहे. तंबाखू थांबली तर तो जाऊ शकतो. गेला नाही, तर डॉक्टर पुढची तपासणी करतील.” सगळ्या जगाच्या कॅन्सरपेक्षा स्वतःच्या गालातला चट्टा माणसाला लवकर पटतो. मग विचारतात, “सोडायला जमेल याची खात्री दहापैकी किती?” गृहस्थ म्हणतात, “चार.” यावर ‘चारच का?’ असे विचारले, तर ते अडचणींचा पाढा वाचतील. म्हणून ताई उलट विचारतात, “दोन का नाही म्हणालात?” “गेल्या श्रावणात नऊ दिवस सोडली होती की!” म्हणजे वकिली त्यांनी स्वतःच केली.

पुढच्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरते. भाच्याचे लग्न त्याच दिवशी असेल, तर ती टाळायची. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत त्रासाचे जातात. चिडचिड होते, झोप उडते, मग दोन ते चार आठवड्यांत हे ओसरते. पोट साफ होत नाही, ही तक्रारही खरी आहे. पण तंबाखू हे काही पोटाचे औषध नव्हे. आतड्यांना निकोटिनच्या धक्क्याची सवय झालेली असते. काही दिवस पाणी, पालेभाजी आणि सकाळचे चालणे वाढवावे. आणि ‘एकदम सोडली तर जिवावर बेतते’ ही भीती दारूच्या बाबतीत खरी ठरू शकते, तंबाखूच्या बाबतीत नाही.

डॉक्टरांनी निकोटिनचे च्युइंगम दिले, तर ते नेहमीच्या च्युइंगमसारखे चघळत बसू नये. सावकाश चावावे, झिणझिणले की गालात दाबून ठेवावे, झिणझिण ओसरली की पुन्हा चावावे. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटे थांबावे. तंबाखूत चुना घालतात त्याचेच हे उलटे गणित: क्षारामुळे निकोटिन गालातून झपाट्याने शिरते, आम्लामुळे अडते. तंबाखू खाणाऱ्यांत या च्युइंगमचा उपयोग बिडी-सिगारेटवाल्यांइतका पक्का सिद्ध झालेला नाही, म्हणून सगळी भिस्त त्यावर ठेवू नये.

श्रावणातल्या त्या नऊ दिवसांनंतर काय झाले, हा ताईंचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. “रात्रपाळी होती. दोन वाजता मित्राने मळलेली पुढे केली.” झाले, धोक्याची जागा सापडली! तलफ बहुधा काही मिनिटांत उतरते, तेवढ्यापुरतीच तजवीज हवी. कागदावर गृहस्थांच्याच शब्दांत लिहिले जाते : ‘रात्री दोनला कुणी हात पुढे केला, तर “सोडली रे” म्हणेन, बडीशेप तोंडात टाकेन आणि नळापर्यंत जाऊन येईन.’ सुपारी मात्र चालणार नाही. तिनेही कॅन्सर होतो. दुसरी ओळ : ‘चुकून एक बार भरलाच, तर थुंकून चूळ भरेन, उरलेली पुडी टाकेन आणि त्याच दिवशी फोन करेन.’ एक बार म्हणजे पाय घसरणे. ‘आता मोडलेच आहे’ म्हणून नवी पुडी आणणे म्हणजे पुन्हा लागणे. बहुतेकांचे घोडे या दोहोंमधल्या काही तासांत अडते.

दवाखाना लांब असेल, तर 1800-11-2356 या सरकारी मोफत क्रमांकावरही असेच समुपदेशन मिळते. तुम्ही घरातली चुन्याची डबी तारखेच्या आदल्या रात्री त्यांच्याच हाताने टाकायला लावा. खिसे मात्र तपासू नका, नाहीतर पुडी घराबाहेर लपेल, एवढेच. आणि तारखेनंतर तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला, की तो यजमानांनाच घेऊ द्या.