मुलांचा फोटो 'सुंदर' करताना : वर्गातला एक प्रसंग आणि काही मर्यादा

मागच्या वर्षी आमच्या सहावीच्या वर्गाचा ग्रुप फोटो छापून आला. मुलं नेहमीप्रमाणे एकमेकांना बोटं दाखवून हसत होती. एक मुलगी मात्र फोटो जवळ धरून बराच वेळ पाहत राहिली. नंतर टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, माझा डाग कुठे गेला?"

तिच्या डाव्या गालावर जन्मखूण आहे, रुपयाएवढी, तपकिरी. फोटोत ती नव्हती. नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं की सगळ्याच मुलांचे चेहरे एकसारखे गुळगुळीत आणि दोन छटा उजळ झालेत. फोटोग्राफर दादांना विचारलं, तर ते म्हणाले, "बाई, पालकांना असंच आवडतं. जास्तीचे पैसे नाही घेतले." त्यांचा हेतू वाईट नव्हताच. आणि मला बोलायला तोंडही नव्हतं, कारण स्नेहसंमेलनाचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकताना मीच फोनमधला ब्युटी मोड चालू ठेवला होता. पुढचे आठ-दहा दिवस ती मुलगी डावा हात गालावर ठेवून बसायची. तोपर्यंत त्या खुणेबद्दल तिला कोणी चिडवल्याचं मी पाहिलं नव्हतं. ती झाकण्यासारखी गोष्ट आहे हे तिला आम्ही छापून दिलेल्या फोटोनेच सांगितलं.

तेव्हापासून या विषयाकडे जरा खोलात पाहिलं. फोनमधला ब्युटी मोड साधारण तीन कामं करतो. कातडीचा बारीक पोत पुसट करतो, म्हणजे तीळ, वांग, व्रण, देवीची किंवा कांजण्यांची खूण विरून जाते. कातडीचा रंग उजळ करतो. आणि पुष्कळ फोनमध्ये गाल आत घेऊन डोळे किंचित मोठे करतो. स्टुडिओतल्या संगणकावरही हेच होतं, फक्त तिथे एक माणूस बसून करतो. पूर्वी काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करत, तेव्हा एका चेहऱ्याला वेळ लागायचा. आता एका क्लिकमध्ये पन्नास मुलं उजळतात.

फोटो बदललाय हे ओळखायचं कसं? आधी चेहरा आणि मान यांचा रंग ताडून पाहा. बहुतेक वेळा चेहरा उजळ करणारा मान आणि कान विसरतो. मग हाताची कातडी पाहा. हातावर लव आणि रेषा दिसतात, पण गाल मेणासारखा दिसतो, तर काहीतरी केलंय. चेहरा बारीक केला असेल तर मागच्या खिडकीचे गज किंवा दाराची चौकट कानाजवळ वाकलेली दिसते. एक खबरदारी मात्र घ्या. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, त्यामुळे न बदललेला चेहराही गुळगुळीत भासतो. कोणाला दोष देण्याआधी मूळ फाइल मागवून पाहा.

आता फोटोग्राफरची खरी अडचण. पांढऱ्या शर्टांची रांग समोर असली की कॅमेऱ्याला वाटतं दृश्य फार उजळ आहे, म्हणून तो सगळा फोटो गडद करतो. त्यात सावळ्या मुलांचे चेहरे काळवंडतात, आणि मग तेवढेच चेहरे उजळवायचा मोह होतो. यावरचा उपाय फोटो काढतानाच करता येतो. मुलांना उन्हात उभं न करता व्हरांड्याच्या सावलीत, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून उभं करा. फोनच्या पडद्यावर एखाद्या सावळ्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. शर्टाच्या चुण्या दिसेनाशा व्हायला लागल्या की थांबा. चेहरा स्पष्ट येतो आणि रंग त्याचाच राहतो. संपूर्ण फोटोचा उजेड वाढवणं वेगळं आणि एका मुलाची कातडी बदलणं वेगळं, हा फरक मला आधी कळलाच नव्हता.

काही जण म्हणतात, सभ्यतेसाठी बदल केला तर काय बिघडलं? अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या बार्ट्रम ट्रेल हायस्कूलने 2021 साली वार्षिकांकातल्या 80 मुलींच्या फोटोंत छातीवरचा भाग संगणकावर कापड जोडून झाकला. मुलींना विचारलं नाही. त्याच अंकात पोहण्याच्या चड्डीतल्या मुलांचा फोटो जसाच्या तसा होता. मुली आणि पालक चिडले, आणि शाळेला अंकाचे पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली. आपल्याकडे असा प्रसंग आला तर मला वाटतं रस्ता सोपा आहे. फोटो अयोग्य वाटतो तर छापू नका, किंवा मुलीला आणि पालकांना सांगून पुन्हा काढा. शरीर परस्पर दुरुस्त करू नका.

ओळखीचाही प्रश्न आहे. पासपोर्टसाठी संगणकाने बदललेला फोटो चालत नाही. मूल हरवलं तर पोलिसांना आपण हाताशी असलेला शेवटचा फोटो देतो. त्यात गालावरची खूण नसेल आणि रंगही दुसराच असेल, तर शोधणाऱ्याने काय शोधायचं?

एका ठिकाणी तर कायद्यानेच रेष आखली आहे. पोक्सो कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने बालकांच्या अश्लील चित्रणाची व्याख्या आली, आणि तिच्यात मूळ फोटोत फेरफार करून बनवलेलं चित्रही येतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली बालकांना अश्लील रीतीने दाखवणारं डिजिटल चित्र तयार करणं हाही गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "गंमत केली" म्हणणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांना हे साफ सांगायला हवं. असं चित्र हाती आलं तर ते पुढे पाठवू नका, 'पुरावा' म्हणून मुख्याध्यापकांनाही नाही. 1098 वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. आणि चेहरा बदलून दाखवणारी मोफत ॲप्स वापरताना पालकांनी एवढं लक्षात घ्यावं की फोटो बहुतेक वेळा आपल्या फोनमध्ये राहत नाही, तो कंपनीच्या संगणकावर जातो.

आमच्या शाळेत आता फोटोग्राफरला काम देतानाच अर्ध्या पानाचं पत्र देतो. कडा कापणं, संपूर्ण फोटोचा उजेड आणि रंगछटा नीट करणं, डोळ्यांतला फ्लॅशचा लाल ठिपका काढणं चालेल. कातडीचा रंग, चेहऱ्याची ठेवण, तीळ, व्रण, चष्मा, श्रवणयंत्र, कुबडी यांतलं काहीही बदलायचं नाही, पालकांनी मागितलं तरी नाही. त्या दिवशी उठलेला फोड किंवा खरचटल्याची जखम असेल तर तो फोटो आठवड्याने पुन्हा काढायचा. शिक्षकांनी पुढच्या कॅमेऱ्याची ब्युटी पट्टी शून्यावर ठेवायची. ज्या फोनमध्ये ती पूर्ण बंद होत नाही, तिथे मागचा कॅमेरा वापरायचा. पालक सभेत एका आईने विचारलं, "घरी आम्ही केलं तर?" घरात मी काय सांगणार! एवढंच म्हटलं की मुलाला आधी विचारा, आणि मूळ फोटो पुसू नका.

दादांनी तो ग्रुप फोटो मूळ फाइलवरून पुन्हा छापून दिला. खर्च शाळेने आणि मी निम्मा-निम्मा केला. नवीन प्रत हातात आल्यावर त्या मुलीने आधी स्वतःला शोधलं, मग म्हणाली, "बाई, पण माझे डोळे मिटलेत यात." खरंच मिटले होते. आधीच्या प्रतीत तेही कोणीतरी उघडले होते.